मृत्युपत्र नसताना वडिलोपार्जित जमिनीवर वारसांची नावं: ठाणे-नवी मुंबईतल्या घरांसाठी

तेरावं आटोपतं, पाहुणे आपापल्या घरी जातात, आणि मग कुणीतरी हळूच विषय काढतं. "सातबारावर अजून अण्णांचंच नाव आहे, आपल्या दोघांचं लावून घेऊ." दोघांचं म्हणजे दोन भावांचं. लग्न झालेली ताई तिथेच बसलेली असते, आई आतल्या खोलीत असते, आणि कुणाच्या मनात काही काळंबेरं असतंच असंही नाही. गावात आजवर असंच चालत आलेलं असतं. पण त्या 'दोघांचं' या एका शब्दातून पुढे पंधरा-पंधरा वर्षं चाललेले दावे मी पाहिले आहेत. म्हणून ज्यांना हे काम पहिल्यांदाच करायचं आहे त्यांच्यासाठी, कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हे सविस्तर लिहितो.

आधी एक मर्यादा. पुढचं सगळं हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ ज्यांना लागू होतो त्यांच्यासाठी आहे. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीखही त्यात येतात. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. येऊर किंवा शहापूर भागातली आदिवासी कुटुंबं अनुसूचित जमातीत मोडतात आणि त्यांना हा कायदा आपोआप लागू होत नाही. त्यांच्या जमिनीच्या हस्तांतरावर वेगळी बंधनंही आहेत.

एक घर डोळ्यांसमोर ठेवू. घोडबंदर रोडलगतच्या एका गावात अण्णांच्या नावावर ४० गुंठे जमीन आहे. अण्णांचे वडील १९४९ साली वारले, आजी त्याआधीच गेली होती, आणि अण्णा एकुलते एक. अण्णा २०२२ मध्ये मृत्युपत्र न करता गेले. मागे बायको, दोन मुलगे आणि १९८९ साली लग्न होऊन कळव्याला गेलेली मुलगी.

पहिलं काम: जुने फेरफार काढा

सगळे सातबारा काढतात आणि तिथेच थांबतात. सातबारा आजची स्थिती सांगतो. जमीन अण्णांकडे कशी आली हे फेरफार सांगतो. सातबारावर मालकांच्या नावाशेजारी कंसात किंवा वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफारांचेच क्रमांक. त्यातला प्रत्येक फेरफार काढा, आणि त्यात ज्या जुन्या फेरफाराचा उल्लेख असेल तोही काढा. असं करत १९५६ च्या मागे जाता आलं तर उत्तम. बरेच जुने अभिलेख आता ऑनलाइन मिळतात. जे मिळत नाहीत त्यांच्या नकला तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मागवाव्या लागतात. तिथले जुने कागद काही ठिकाणी मोडी लिपीत असतात. वाचणारा माणूस शोधून ठेवा.

इतकं मागे कशाला जायचं? कारण बोलीभाषेतली 'वडिलोपार्जित' आणि कायद्यातली 'वडिलोपार्जित' एक नाहीत. आपण बापाकडून आलेल्या कशालाही वडिलोपार्जित म्हणतो. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. एखाद्याने स्वतः कमावलेली जमीन त्यानंतर वारसाने मुलाकडे आली, तर ती मुलाची स्वतंत्र मालमत्ता होते आणि नातवंडांना तिच्यात जन्माने हक्क मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८६ साली स्पष्ट केलं. आपल्या उदाहरणात आजोबा १९४९ ला गेले, म्हणजे जमीन जुन्या कायद्याने अण्णांकडे आली, त्यामुळे ती खऱ्या अर्थाने वडिलोपार्जित आहे. तेच आजोबा १९७२ ला गेले असते आणि जमीन त्यांनी स्वतः विकत घेतलेली असती, तर चित्र निराळं झालं असतं.

जुन्या उताऱ्यांत दोन गोष्टी शोधा. नावापुढे 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' लिहिलेलं असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता म्हणून लागलेला आहे. जमीन त्याच्या एकट्याची नव्हती, बाकीच्यांची नावं लागलीच नव्हती, इतकाच त्याचा अर्थ. दुसरी गोष्ट म्हणजे 'इतर हक्क' हा रकाना. पूर्वी भावांची नावं कब्जेदार सदरी आणि बहिणींची नावं इतर हक्कात लावायची सर्रास पद्धत होती. अशा बहिणींना वाटतं की आपला हक्क दुय्यम आहे. नाव कोणत्या रकान्यात पडलं यावर हिस्सा ठरत नाही.

ठाणे शहरातल्या बऱ्याच जमिनी आता नगर भूमापनाखाली आहेत. तिथे सातबाराऐवजी मिळकत पत्रिका असते, जिला सगळे प्रॉपर्टी कार्डच म्हणतात, आणि वारसाचा अर्ज तलाठ्याकडे न जाता नगर भूमापन कार्यालयात जातो. अर्ज लिहिण्याआधी आपली जमीन कुठल्या दप्तरी आहे ते बघा, नाहीतर दोन महिन्यांनी कागद परत येतात.

दुसरं काम: वंशावळ आणि वारस नोंद

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने जमीन मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात कुणी तसं म्हणत नाही. तीन महिने उलटले म्हणून हक्क जात नाही, उशिरानेही नोंद होते. अर्ज तलाठ्याच्या सजा कार्यालयात देता येतो किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, चालू सातबारा आणि आठ-अ, वारसांचे ओळखीचे पुरावे, आणि सगळ्या वारसांची नावं, वयं व पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र लागतं. या प्रतिज्ञापत्रातच वंशावळ असते.

सगळा खेळ त्या वंशावळीत आहे. मृत्युपत्र नसेल तेव्हा पुरुषाचे पहिल्या वर्गाचे वारस कोण, तर मुलगे, मुली, विधवा पत्नी, आणि हयात असेल तर मृताची आई. आई बहुतेक वेळा विसरली जाते. ऐंशी-नव्वदीची आजी घरात असते आणि तिचं नाव लावायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. एखादा मुलगा वडिलांच्या आधी गेला असेल तर त्याची विधवा आणि त्याची मुलंही वारस असतात. ती सून नंतर माहेरी गेली, सासरशी बोलणं राहिलं नाही, म्हणून तिला वगळता येत नाही. आधी गेलेल्या मुलीची मुलंही याच वर्गात येतात. मुलीचं लग्न झालंय की नाही, हुंडा-मानपान किती दिला, याचा इथे काही संबंध नाही.

अर्ज आला की गाव नमुना सहा-क या वारस नोंदवहीत नोंद होते, चौकशी होते, आणि मग वारस कोण ते ठरून सहा नंबरच्या फेरफार नोंदवहीत फेरफार धरला जातो. संबंधितांना नोटिसा निघतात आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर ती नोंद तक्रारी नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते.

सासरी असलेल्या मुलीने इथे सावध राहायला हवं. नोटीस बऱ्याचदा गावच्या पत्त्यावर येते आणि तिथे सही करून घेणारा भाऊच असतो. म्हणून वडील गेल्यानंतरच्या काही महिन्यांत 'आपली चावडी' या ऑनलाइन फलकावर आपल्या गावाचं नाव टाकून बघत राहा. हरकतीसाठी ठेवलेले फेरफार तिथे दिसतात. आपल्या गटाचा फेरफार दिसला आणि त्यात आपलं नाव नसेल, तर १५ दिवसांत साध्या कागदावर लेखी हरकत द्या, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडा आणि पोच घ्या. मुदत गेली आणि नोंद प्रमाणित झाली, तर प्रांताकडे म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करता येतं. उशीर झाला असेल तर त्याचं कारण देऊन माफीचा अर्ज जोडावा लागतो.

फेरफार झाला की मालकी मिळाली असं सगळ्यांना वाटतं, आणि नाव लागलं नाही की मालकी गेली असं वाटतं. दोन्ही चूक. महसूल दप्तरातली नोंद सारा कुणाकडून घ्यायचा यासाठी असते. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयच ठरवतं. पण बँक, बिल्डर आणि दुय्यम निबंधक आधी सातबाराच बघतात, त्यामुळे 'नोंदीला काय महत्त्व' म्हणून ती सोडून देणंही परवडत नाही.

हिस्सा किती

नोंद झाल्यावर सातबारावर चार नावं येतात आणि क्षेत्र साधारणपणे सामाईक राहतं. कुणाचे किती गुंठे ते कायद्याने काढावं लागतं. अण्णांच्या ४० गुंठ्यांचा हिशेब करू.

वडिलोपार्जित जमिनीत आधी एक काल्पनिक वाटणी धरायची. अण्णा जाण्याच्या क्षणाआधी वाटणी झाली असती तर कुणाला काय मिळालं असतं? अण्णा, दोन मुलगे आणि मुलगी हे चौघे जन्माने हक्क असलेले सहहिस्सेदार. आपल्याकडच्या मिताक्षरा नियमांप्रमाणे बाप-मुलांची वाटणी झाली की बायकोलाही मुलाएवढा वाटा मिळतो. म्हणजे पाच वाटे, प्रत्येकी ८ गुंठे. यातले अण्णांचे ८ गुंठे तेवढेच वारसाने उतरतात, आणि ते आई, दोन मुलगे व मुलगी या चौघांत सारखे, म्हणजे प्रत्येकी २ गुंठे. स्वतःचे ८ आणि अण्णांकडून आलेले २ मिळून प्रत्येकाकडे १० गुंठे.

आता तीच ४० गुंठे अण्णांनी स्वतः विकत घेतलेली असती तर? चौघे वारस, प्रत्येकी १० गुंठे. उत्तर तेच! मृत्युपत्र नसलेल्या अशा सरळ घरात 'वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित' यावर हमरीतुमरीवर येणारी भावंडं पाहिली की मला कागद काढून हा हिशेब मांडावासा वाटतो. फरक पडतो तो दुसऱ्या प्रसंगांत. अण्णांनी मृत्युपत्र केलं असतं, तर वडिलोपार्जित जमिनीत त्यांना फक्त आपल्या ८ गुंठ्यांचंच करता आलं असतं, स्वकष्टार्जित असती तर सगळ्या ४० चं. शिवाय थोरल्याच्या १० गुंठ्यांपैकी ८ वडिलोपार्जित असल्याने त्यांत त्याच्या मुलांचा जन्माने हक्क आहे, आणि उरलेले २ त्याचे स्वतःचे. आणि कुटुंबात एखादा मुलगा आधीच वारला असेल, तर हिशेब दोन टप्प्यांत करावा लागतो. तिथे आकडे इतके साधे राहत नाहीत, वकिलाकडून लिहून घ्या.

ताईचे ८ गुंठे कुठून आले, असा प्रश्न हमखास येतो. १९९४ च्या महाराष्ट्रातल्या दुरुस्तीने फक्त तोवर लग्न न झालेल्या मुलींना हा हक्क दिला होता, आणि अनेक जण अजून तिथेच अडकलेले आहेत. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्रीय दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच जन्माने हक्क दिला, तिचं लग्न कधीही झालेलं असो. त्या तारखेला वडील हयात असायला हवे होते की नाही, यावर बराच घोळ झाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तशी गरज नाही, असं सांगून तो मिटवला. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटणी झालेली असेल तर ती उघडता येत नाही. 'तोंडी वाटणी झाली होती' असं नुसतं म्हणून भागत नाही. त्यासाठी त्या काळातला ठोस सरकारी पुरावा लागतो.

हक्कसोड, आणि ती कधी

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथे. वारस नोंद आणि हक्कसोड ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती एका बैठकीत करू नका. आधी सगळ्यांची नावं लागू द्या. नंतर हिस्सा समजून घ्या. त्यानंतर कुणाला सोडायचा असेल त्याने सोडावा.

व्यवहारात घडतं ते उलटं. "बहिणींची नावं लावली की परत काढताना खर्च, त्यापेक्षा आत्ताच प्रतिज्ञापत्रात नको" असं सांगून दोन भावांचीच वंशावळ दिली जाते. ते खोटं प्रतिज्ञापत्र आहे आणि पुढे फौजदारी तक्रारीचा विषय होऊ शकतो. दुसरा प्रकार म्हणजे पाचशेच्या स्टँप पेपरवर "मला हिस्सा नको" असं लिहून नोटरी करणं. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायला दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केलेलं हक्कसोड पत्र लागतं, नोटरीच्या कागदाने हक्क जात नाही. गंमत म्हणजे यात दोन्ही बाजू फसतात. बहिणीला वाटतं हक्क गेला, भावाला वाटतं मिळाला, आणि दहा वर्षांनी बिल्डरचा वकील टायटल तपासताना सांगतो की ताईची सही लागेल.

वडिलोपार्जित मालमत्तेत जवळच्या नात्यात केलेल्या हक्कसोडीला मुद्रांक शुल्क काही शे रुपयांचंच असतं, त्यामुळे नोंदणी टाळण्यात पैशाची बचतही फारशी नाही. दस्तात कुणाच्या लाभात सोडलं ते स्पष्ट लिहा. ताईला फक्त आईच्या लाभात सोडायचं असेल आणि दस्त मोघम असेल, तर तो हिस्सा उरलेल्या सगळ्यांत जातो. गट नंबर आणि क्षेत्रही लिहा. 'सर्व स्थावर मालमत्ता' असा शब्द दिसला तर सही करू नका. गावठाणातलं घर, दुसऱ्या गावचा तुकडा, हे सगळं त्या दोन शब्दांत जातं.

माझ्या आत्याने अशीच सही केली होती. "शेताचा कागद आहे" असं सांगितलं होतं. घरही त्यात गेल्याचं तिला सहा वर्षांनी कळलं, दिवाळीत, घराचं काम निघालं तेव्हा.

वारसांत कुणी अज्ञान असेल, म्हणजे अठरा वर्षांखालचं, तर त्याच्या वतीने आईने हक्क सोडून चालत नाही. त्याच्या स्वतंत्र हिश्श्यासाठी कोर्टाची परवानगी लागते. ती नसेल तर ते मूल सज्ञान झाल्यावर तो दस्त रद्द करून घेऊ शकतं.

कुणी आधीच काही करून बसलंय का, हे तपासायला दुय्यम निबंधक कार्यालयाच्या सूची क्रमांक दोनचा शोध घ्या. अण्णांच्या नावाने आणि गट नंबराने, निदान तीस वर्षांचा. अण्णांच्या हयातीतलं बक्षीसपत्र किंवा विकसन करार असला तर तिथे सापडतो.

वाटप करायचं असेल तर

एकमत असेल तर नोंदणीकृत वाटपपत्र करा, किंवा सगळ्या सहधारकांनी मिळून संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करा. हिस्से मान्य असतील तर तहसीलदार वाटप करून देतात. कुणी मालकीचाच वाद काढला तर मात्र ते थांबतात आणि दिवाणी न्यायालयात जायला सांगतात.

भाऊ आपला हिस्सा बाहेरच्याला विकायला निघाला, तर वारसाने आलेल्या हिश्श्यात इतर वारसांना तो आधी विकत घेण्याचा हक्क आहे, कलम २२ खाली. शेतजमिनीलाही तो लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. आणि कुणी तुम्हाला सरळ "तुझा इथे काही हिस्सा नाही" म्हणून बाहेर काढलं असेल, तर ते कळल्यापासून १२ वर्षांत वाटपाचा दावा लावावा लागतो. नुसतं नाव नसणं वेगळं आणि असं उघड नाकारणं वेगळं. नाकारल्याचा कागद, नोटीस किंवा मेसेज जपून ठेवा, तारीख त्यावरूनच ठरते.

साडेबारा टक्क्यांचा भूखंड

नवी मुंबईत गोष्ट जरा वेगळी. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. त्या बदल्यात सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतला भूखंड अनेकदा कधीच गेलेल्या खातेदाराच्या वारसांना मिळायचा असतो. इथे तलाठ्याकडची वारस नोंद पुरत नाही, कोर्टाचा वारस दाखला मागतात. तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली दिवाणी न्यायालयातून मिळतो. बँकेतल्या ठेवी आणि शेअर्ससाठी जे उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं ते निराळं, दोन्ही एकच समजून चुकीचा अर्ज करणारे कमी नाहीत. घणसोली, तुर्भे, बेलापूर ही गावं ठाणे तालुक्यातली, तर पनवेल-उरण रायगड जिल्ह्यात, म्हणून कुठल्या कोर्टात जायचं ते आधी विचारून घ्या.

अर्जानंतर कोर्ट जाहीर नोटीस काढतं आणि हरकतीसाठी महिनाभर ठेवतं. हरकत नसेल तर पुरावा घेऊन दाखला देतं. आजोबांच्या नावाचा भूखंड असेल तर वंशावळ तीन पिढ्यांची होते, मध्ये गेलेल्या प्रत्येकाचा मृत्यूचा दाखला लागतो, आणि जुन्या मृत्यूंची नोंदच झालेली नसते. तिथे आधी मृत्यूची नोंद करून घेण्याचं वेगळं काम उभं राहतं. ते सुरुवातीलाच धरा, कारण सगळ्यात जास्त वेळ तेच खातं. दाखल्यात फक्त वारस कोण ते लिहिलेलं असतं, कुणाचा किती हिस्सा ते नाही. त्यामुळे भूखंड पुढे बिल्डरला द्यायचा ठरला की करारावर दाखल्यातल्या प्रत्येकाची सही लागते. सगळ्यांच्या वतीने एकालाच कुलमुखत्यारपत्र देणार असाल, तर त्याला विकायचा अधिकार द्यायचा की फक्त कागदपत्रांसाठी धावपळ करायचा, हे शब्दाशब्दाने तपासून मगच सही करा.